प्रकल्प नोंदी: गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींचं इंग्रजी भाषांतर

५ नोव्हेंबर २०२४, वरुड

दिवाळीनंतर आज दुकान उघडलं. पहिलं काम आयर्लंडचं निघालं. इथल्याच एका शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेत ज्यांचं घर आहे ते भाऊ गेली अकरा वर्षं तिकडे आहेत. घर दोघांच्या नावावर आहे. भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, पहिलं नाव त्यांचं आणि दुसरं बायकोचं. बायको केरळची, मराठी वाचता येत नाही. संस्थेने थकबाकीची नोटीस पाठवली आहे आणि ‘उपविधी पाहून घ्या’, म्हणजे संस्थेचे नियम पाहून घ्या, असं त्यात लिहिलं आहे. त्या म्हणतात, मी सही करते त्या कागदात काय आहे ते मला कळलं पाहिजे. बरोबरच आहे.

संस्था नगर परिषदेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत येते. छत्तीस प्लॉट, छत्तीस घरं, मधोमध एक बोअरवेल आणि पाण्याची टाकी. सचिवांनी उपविधींची झेरॉक्स दिली, टाइपरायटरवरची, ३१ पानं. दर पानाला २५० रुपये ठरले, मुदत महिन्याची. नोटिशीचंही भाषांतर हवं आहे, आणि २०२२ च्या एका ठरावाचंही.

६ ते ८ नोव्हेंबर

तीन दिवसांत अकरा पानं झाली. दोन रकाने केले: डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, कलमांचे क्रमांक दोन्हीकडे तेच. गोष्टीची ओघवती भाषा इथे कामाची नाही. तिकडून कोणी विचारलं की ‘कलम ४३ मध्ये काय आहे’, तर इकडच्या माणसाला त्याच ओळीवर बोट ठेवता यायला हवं.

९ नोव्हेंबर

ती अकरा पानं वाया गेली.

झालं असं: कालपासून एक गोष्ट खटकत होती. ३१ पानांत ‘क्रियाशील सभासद’ हा शब्द एकदाही येत नाही. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याने २०१३ मध्ये सहकार कायदा बदलला, तेव्हा हा शब्द आला. ठराविक सभांना हजर राहणं आणि संस्थेच्या सेवा घेणं अशा अटी पाळणारा तो क्रियाशील. सहकार खात्याने संस्थांसाठी नमुना म्हणून काढलेल्या २०१४ च्या आदर्श उपविधींत तो आहेच. म्हणजे माझ्या हातातली प्रत त्याच्या आधीची, बहुतेक संस्था नोंदली तेव्हाचीच.

गुरुजींना, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांना, फोन केला. ते म्हणाले, “अवं ताई, थे तं जुनं हाये. नवीन पुस्तक आलं ना मंग. कपाटात असंन.”

संध्याकाळी नवीन पुस्तक मिळालं. छापील आदर्श उपविधी, रिकाम्या जागा शाईने भरलेल्या, आत सहायक निबंधकांचा नोंदणीचा आदेश, २०१५ चा, आणि पानापानावर शिक्का. उपविधीतली दुरुस्ती निबंधकांनी नोंदल्याशिवाय लागू होत नाही, त्यामुळे सभेत काय मंजूर झालं यापेक्षा हा आदेश महत्त्वाचा. तो मी पहिल्याच दिवशी मागायला हवा होता. इतकी वर्षं खरेदीखतं लिहिते, तिथे आधी सातबारा मागते आणि मग पेन उचलते. इथे सचिवांनी दिलं ते मुकाट्याने घेतलं.

११ नोव्हेंबर

नवीन पुस्तकामुळे एक सोय झाली. आदर्श उपविधी सहकार खात्याने इंग्रजीतही काढले आहेत. मग सगळं नव्याने लिहायचं कशाला? इंग्रजी आदर्श प्रत शेजारी ठेवायची, कलमाकलमाने जुळवायचं, जुळेल तिथे तेच इंग्रजी घ्यायचं, जुळणार नाही तिथे आपण लिहायचं. आज चाळीसच्या वर कलमं जुळवली.

एक शब्द मात्र दुकानात येणारे सगळेच चुकतात, म्हणून इथे टिपून ठेवते. उपनिबंधक म्हणजे डेप्युटी रजिस्ट्रार, सहायक निबंधक म्हणजे असिस्टंट रजिस्ट्रार. हे दोघे सहकार खात्याचे. सब-रजिस्ट्रार म्हणजे दुय्यम निबंधक, जिथे खरेदीखत नोंदतो ते. ‘उप’ दिसला की हात ‘सब’ लिहितो आणि तिकडचा माणूस तक्रार घेऊन भलत्याच कार्यालयात जातो.

१३ नोव्हेंबर

आज सगळा दिवस ‘बिनभोगवटा शुल्क’ या एका शब्दात गेला. भांडणही त्यावरच आहे.

इकडे भोगवटा हा शब्द सातबाऱ्यामुळे सगळ्यांच्या ओळखीचा. भोगवटादार वर्ग १, वर्ग २. जमीन ज्याच्या ताब्यात तो भोगवटादार. त्यामुळे बिनभोगवटा म्हटलं की अर्थ ठरलेला: जो राहत नाही त्याला दंड. सचिव पाणी सोडायला आले होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, “म्याडम, मालक राह्यतेत आयर्लंडात. घरात राह्यतच नाहीत, मंग बिनभोगवटा नाही तं काय हाये?”

पण पुस्तकातलं कलम तसं म्हणत नाही. हे शुल्क घर रिकामं आहे म्हणून लागत नाही. सभासद स्वतः राहत नसेल आणि त्याने घर पोटभाड्याने, लीव्ह अँड लायसन्सने किंवा अन्य प्रकारे दुसऱ्याच्या ताब्यात दिलं असेल, तेव्हा ते लागतं. कुलूप लावून आयर्लंडला गेलेल्या माणसाकडून हे शुल्क घेता येत नाही. त्याने नेहमीचं सेवा शुल्क भरायचं.

इंग्रजीत याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण गैरसमजही तसाच्या तसा इंग्रजीत जातो. बाई तिकडे वाचतील ‘नॉन-ऑक्युपन्सी’ आणि म्हणतील, खरंच तर, आम्ही राहत नाही. दुसरा शब्द घ्यावा का, यावर बराच वेळ घालवला. ‘सबलेटिंग चार्जेस’ लिहिलं तर अर्थ उघड होतो, पण सहकार न्यायालयात, निबंधकांकडे, वकिलांकडे सगळीकडे नॉन-ऑक्युपन्सी हाच शब्द चालतो. माझा शब्द त्यांच्या कागदांत कोणालाच सापडणार नाही. म्हणून रूढ शब्दच ठेवला आणि पहिल्यांदा आला तिथे खाली अनुवादकाची टीप दिली: हे शुल्क घर दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याबद्दलचं आहे, मालकाच्या गैरहजेरीबद्दलचं नाही.

१४ नोव्हेंबर

कलमाचा दुसरा भाग. शुल्काची मर्यादा: सेवा शुल्काच्या १० टक्के. शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ही मर्यादा घातली आहे. पुस्तकातही तेच आहे.

आता ठराव घेतला. २०२२ च्या सप्टेंबरमधली वार्षिक सर्वसाधारण सभा: ‘बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांकडून दरमहा २०० रुपये बिनभोगवटा शुल्क घ्यावे.’ नोटीस ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२४ ची, २४ महिन्यांचे ४,८०० रुपये, वर सरळ व्याज.

संस्थेचं महिन्याचं बिल ५२० रुपये. त्यात सेवा शुल्क ४०० आणि पाणी १२०. पाण्याचा आकार पुस्तकात सेवा शुल्कापासून वेगळा दाखवला आहे, तेव्हा १० टक्के ४०० वर काढायचे: महिन्याला ४० रुपये. शुल्क लागूच आहे असं धरलं तरी २४ महिन्यांचे ९६० होतात. ठराव उपविधीच्या वर जाऊ शकत नाही.

हा हिशोब मी भाषांतरात घातला नाही. भाऊंना फोनवर सांगितला आणि हेही सांगितलं की हे माझं मत आहे, कागदाचं नाही. भाषांतराच्या रकान्यात आपलं मत घुसलं की समोरचा वकील पूर्ण कागदच बाजूला ठेवतो.

ठरावाचं भाषांतर करताना ‘बाहेरगावी राहणाऱ्या’ हे शब्द तसेच ठेवले. बाहेरगाव म्हणजे नागपूर की डब्लिन, ठरावात नाही. इंग्रजीत मी ‘आउट ऑफ टाउन’ लिहिलं. ‘नॉन-रेसिडेन्ट’ लिहिलं असतं तर अनिवासी भारतीयांवरचा ठराव झाला असता. सभेत बसलेल्यांच्या मनात ते नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर अमरावतीला मुलाकडे जाऊन राहिलेले सात-आठ जण होते.

१६ नोव्हेंबर

घर रिकामं नाही!

आज भाऊंची वहिनी दुकानात आली. थोरला भाऊ वारला, त्याची बायको, आणि सोबत तिचा मुलगा, बावीस वर्षांचा. दोघं दोन वर्षांपासून त्या घरात राहतात. भाडं नाही, करारनामा नाही. मुलगा संत्र्याच्या मंडीत हिशोब लिहितो. तो म्हणाला, “काकानं सांगितलं, घर पाहा, झाडं जगवा. आमी कायचे भाडेकरू?”

म्हणजे ‘अन्य प्रकारे दुसऱ्याच्या ताब्यात’ हे शब्द आता जिवंत झाले. संस्था म्हणू शकते की घर दुसऱ्याच्या ताब्यात आहे. पण त्याच कलमात पुढे आहे की सभासदाचे कुटुंबीय राहत असतील तर शुल्क लागणार नाही. कुटुंबाची व्याख्या पहिल्या प्रकरणात दिली आहे. आतापर्यंत ती मी इंग्रजी आदर्श प्रतीतून सरळ उचलली होती. पुन्हा उघडली.

१८ नोव्हेंबर

व्याख्येच्या यादीत नवरा, बायको, आईवडील, भाऊ, बहीण, मुलं, जावई, सून, नातवंडं येतात. इंग्रजीत याखेरीज ‘ब्रदर-इन-लॉ, सिस्टर-इन-लॉ’ आहे. संस्थेच्या मराठी पुस्तकात त्या जागी ‘मेहुणा, मेहुणी’ छापलं आहे.

मेहुणी म्हणजे बायकोची बहीण. आमच्याकडे तर साळीच म्हणतात. भावाची बायको म्हणजे भावजय, वहिनी. मराठी माणूस वहिनीला मेहुणी म्हणणार नाही, म्हटलं तर घरात जेवायला मिळणार नाही. इंग्रजीत मात्र सिस्टर-इन-लॉ म्हणजे साळी, वहिनी, नणंद, जाऊ, सगळ्याच.

तर इंग्रजी आदर्श प्रतीतला शब्द ठेवला की वहिनी कुटुंबात येते आणि शुल्क उडतं. मराठीतल्या शब्दाप्रमाणे लिहिलं की ती यादीत नाही. पैसे देणारा माझा गिऱ्हाईक पहिल्या शब्दावर खूश होईल. पण या संस्थेला लागू असलेला, शिक्क्याचा मजकूर मराठी आहे आणि मी त्याचं भाषांतर करते आहे. म्हणून ‘वाइफ्स सिस्टर’ लिहिलं. मेहुण्याचं आणखी अवघड: बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा. तिथे दोन्ही अर्थ तिरक्या रेघेने दिले. खाली टीप: आदर्श इंग्रजी प्रतीत इथे व्यापक शब्द आहे.

संध्याकाळी बाईंना फोनवर हे समजावायला बसले. वाटलं होतं अर्धा तास लागेल. त्या लगेच म्हणाल्या, आमच्यात थोरल्या भावाच्या बायकोला चेट्टत्ती म्हणतात, ती आणि बायकोची बहीण एक कशा होतील? इंग्रजीत अडलेलं मल्याळममध्ये एका वाक्यात सुटलं.

१९ नोव्हेंबर

काल एक गोष्ट नजरेतून सुटली होती. व्याख्येची सुरुवात. ‘कुटुंब म्हणजे पुढील व्यक्ती’ असं तिथे नाही. ‘ज्यात पुढील व्यक्तींचा समावेश होतो असा व्यक्तींचा समूह’ असं आहे. कायद्याच्या भाषेत हा फरक मोठा. ‘म्हणजे’ असेल तर यादी बंद. ‘समावेश होतो’ असेल तर यादी उघडी, आणि यादीबाहेरची वहिनीही कुटुंबात येते असा युक्तिवाद करायला जागा राहते. इंग्रजीत ‘इन्क्लूड्स’ शब्द जपून ठेवला. माझ्या कालच्या मसुद्यात वाक्य आटोपशीर करण्याच्या नादात मी ‘मीन्स’ एवढंच लिहून बसले होते, आणि त्या एका शब्दाने वहिनीचा दरवाजा मीच लावून घेतला होता.

वहिनी आत की बाहेर हे आता वकील आणि निबंधक पाहतील.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. दुकान बंद.

२२ नोव्हेंबर

सभासदांचे प्रकार. इथे कागद आणि कायदा वेगवेगळ्या वाटांनी जातात, त्यामुळे सावकाश लिहिते.

भाऊंना हवं आहे की पुढच्या सभेत २०० रुपयांच्या ठरावाविरुद्ध कोणी तरी बोलावं. ते वकिलातीतून पुतण्याच्या नावाने मुखत्यारपत्र पाठवणार होते. मी थांबवलं. पुस्तकात स्वच्छ आहे: मुखत्यार किंवा प्रतिनिधी सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेला बसू शकत नाही. मुखत्यारपत्राने तो बिल भरेल, अर्ज देईल, पण सभेत हात वर करता येणार नाही.

मार्ग आहे तो ‘सहयोगी सभासदा’चा. आणि पुस्तकात या शब्दाचा अर्थ असा: ज्याने इतरांसोबत संयुक्तपणे भाग घेतला आहे, पण ज्याचं नाव भाग दाखल्यावर पहिलं नाही. या अर्थाने भाऊंची बायको गेली अकरा वर्षं सहयोगी सभासद आहे. पुतण्याचं नाव दाखल्यावरच नाही, त्यामुळे तो होऊ शकत नाही.

पण २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आलं, १३-ब, कलम १५४ब-१ पासून पुढे. त्यात हा शब्द उलटा झाला. आता सहयोगी तो, ज्याचं नाव भाग दाखल्यावर नाही, पण जो सभासदाच्या ठरलेल्या नात्यातला आहे आणि सभासदाच्या लेखी शिफारशीने व लेखी पूर्वसंमतीने त्याचे हक्क वापरतो. नात्यांत नवरा-बायको, आईवडील, भाऊबहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून आहेत आणि इंग्रजीत ‘नेफ्यू, नीस’ आहेत. पुतण्या त्यात बसतो. वहिनी या यादीतही नाही. दाखल्यावर दुसरं नाव असलेल्या बायकोला आता ‘जॉइंट मेंबर’ म्हणायचं.

मी पुस्तकाचं भाषांतर करते आहे, कायद्याचं नाही. तेव्हा रकान्यात ‘असोसिएट मेंबर’च लिहिलं, पुस्तकातल्या व्याख्येसह. हाच शब्द आता कायद्यातही आहे, फक्त अर्थ वेगळा. नुसता शब्द वाचणाऱ्या बाईंना वाटेल की आपण असोसिएट, पुतण्या कोणीच नाही. म्हणून इथली टीप सगळ्यांत लांब, सात ओळींची झाली: पुस्तकातली व्याख्या २०१५ ची आहे, कायदा २०१९ ला बदलला, उपविधी कायद्याशी विसंगत असेल तिथे कायदा चालतो.

२५ नोव्हेंबर

‘करील’, ‘करावे’, ‘करता येईल’, ‘अधिकार राहील’ यांची तपासणी. पहिल्या दोघांना ‘शॅल’, तिसऱ्याला ‘मे’, चौथ्याला ‘शॅल हॅव द पॉवर टू’. मराठीत ‘राहील’ हुकमासारखं ऐकू येतं, पण ‘समितीस अधिकार राहील’ म्हणजे समितीने तसं केलंच पाहिजे असं नाही. सतरा ठिकाणी सुधारलं.

हस्तांतरणाचं अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना संस्था घेते ती रक्कम, त्याच्या रिकाम्या जागेत शाईने २५,००० लिहिलं आहे. ही मर्यादा महानगरपालिका क्षेत्रासाठीची. ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकात ग्रामपंचायत क्षेत्राला ५,००० आहे. कोणी तरी नागपूरच्या संस्थेचं पुस्तक पाहून भरलेलं दिसतं. मी आकडा आहे तसाच ठेवला आणि शेजारी ‘हस्तलिखित’ अशी नोंद केली. भाऊ घर विकणार नाहीत, पण कधी विकायला निघाले तर ही नोंद त्यांना उपयोगी पडेल.

२९ नोव्हेंबर

गुरुजींना पूर्ण मसुदा वाचून दाखवला. ते इंग्रजीचे शिक्षक होते, चाळीस वर्षं. बिनभोगवट्याच्या टिपेवर थांबले, चष्मा काढला. “म्हंजे अमरावतीवाल्यायचं कुलूप हाये, त्यायचं बी नाही घेता येत?”

“पुस्तकात असं आहे गुरुजी. मी फक्त इंग्रजी केलं.”

“पुस्तक तं आपलंच हाये,” ते म्हणाले आणि बराच वेळ ते पान उलटसुलट करत राहिले. स्पेलिंगच्या तीन चुका काढून दिल्या.

३ डिसेंबर

काम पाठवलं. एकूण ४८ पानं, त्यात ठराव आणि नोटीस. शेवटी माझं प्रमाणपत्र: कोणत्या प्रतीवरून केलं, नोंदणी आदेशाची तारीख, आणि मतभेद झाल्यास मराठी मजकूर ग्राह्य. पहिल्या जुन्या अकरा पानांचे पैसे लावले नाहीत, चूक माझी होती. १२,००० रुपये आले.

१० डिसेंबर

पुतण्या येऊन गेला. सहयोगी सभासदत्वाचा अर्ज, काकाची लेखी शिफारस आणि संमती, प्रवेश शुल्काचे १०० रुपये. अर्जात ‘सहयोगी सभासद’ या शब्दांपुढे ‘कलम १५४ब-१ नुसार’ असं लिहायला लावलं, नाही तर समिती पुस्तकातली व्याख्या दाखवून परत करेल. त्याने दोन प्रती नेल्या. तासाभरात दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन आला. सचिव म्हणाले म्हणे, “ठेवतो मीटिंगमधी. पण भाऊ, दोनशेचं काय करायचं थे बी त्याच मीटिंगमधी काढावं लागंन आता.”

झेरॉक्स काढून दिली. दोन रुपये.